पत्रिकेतल्या वैधव्याची भीती: नव्या ज्योतिषाने घरच्यांशी कसं बोलावं

लग्नाच्या पत्रिका बघायला लागलात की फार दिवस जायच्या आत हा प्रश्न येतो. तो सरळ कुणी विचारत नाही. गुणमेलन होतं, नाडी-गण-षडाष्टक बोलून होतं, वडील चपला घालायला लागतात आणि आई मागे रेंगाळून विचारते, "अष्टमात काही आहे का हो? एकांनी सांगितलंय, म्हणून विचारलं." त्या 'काही'चा अर्थ दोघांनाही माहीत असतो. क्लासमध्ये आपल्याला योग शिकवतात. पण ही आई समोर असताना तोंडातून काय काढायचं, ते बहुतेक ठिकाणी शिकवत नाहीत. इथे फक्त तेवढंच, आणि तेही वधूच्या अष्टमातल्या पापग्रहांपुरतं. मंगळ त्यातच येतो.

आधी ग्रंथात काय आहे ते नीट माहीत हवं, कारण घरच्यांना कुणीतरी अर्धंच सांगितलेलं असतं. वराहमिहिराच्या बृहज्जातकात स्त्रीजातकाचा स्वतंत्र अध्याय आहे. सप्तमात मंगळ असेल तर बालपणी वैधव्य, अष्टमात क्रूर ग्रह असेल तर वैधव्य, अशी सरळ विधानं तिथे आहेत. त्यालाच जोडून असंही आहे की अशा वेळी धनस्थानात शुभ ग्रह असतील तर मरण तिचं स्वतःचं. थोडक्यात, नवरा आधी की बायको आधी एवढाच तिथला प्रश्न आहे. आणि 'बालपणी विधवा' हे वाक्यच सांगतं की ते कोणत्या समाजासाठी लिहिलंय. मुलगी आठ-दहा वर्षांची आणि नवरा तिच्याहून कितीतरी मोठा, अशा लग्नांचा तो समाज. पुण्यातही ते फार जुनं नाही. महर्षी कर्व्यांना १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढावा लागला, तो अशा मुलींसाठीच. त्या मुलींच्या पत्रिका कुणी जुळवल्या नव्हत्या असं थोडंच आहे?

मंगळाचा प्रसिद्ध श्लोकही पूर्ण वाचा. "लग्ने व्यये च पाताले जामित्रे चाष्टमे कुजे" इथवर सगळ्यांना पाठ असतो. पुढच्या ओळीत कन्या पतीचा नाश करते आणि पती कन्येचा, असं दोन्ही बाजूंनी म्हटलंय. बैठकीत मात्र मुलाच्या आईला कुणी विचारत नाही, "तुमच्या मुलाच्या अष्टमात काय आहे?" तुम्ही विचारा. मी नेहमी विचारतो. खोलीतली हवा लगेच बदलते.

आता थोडा हिशेब, कारण पुढे तो घरच्यांना सांगायचा आहे. मंगळ बारांपैकी पाच स्थानांत दोषाचा धरला, तर नुसत्या लग्नावरून बारा मुलींत पाच मुली मंगळाच्या ठरतात. काही जण चंद्रावरून आणि शुक्रावरूनही बघतात. तिन्हीपैकी कुठूनही दोष धरला तर दर पाच मुलींत साधारण चार सापडतात. अष्टमाचंही तसंच आहे. रवी, मंगळ, शनी, राहू, केतू यांपैकी एक तरी अष्टमात असणं हे ढोबळमानाने तीन पत्रिकांत एकीच्या वाट्याला येतं. जो योग शेजारच्या प्रत्येक जिन्यावर आहे, त्याच्या जोरावर एका मुलीला विधवा ठरवायचं, हे ज्योतिष म्हणूनसुद्धा कच्चं काम आहे.

पहिली पायरी: वेळ कुठून आली

भेटीची वेळ देतानाच फोनवर सांगा की मुलीची जन्मवेळ ज्या कागदावर आहे तो कागद घेऊन या. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर वेळ नसते, हे बऱ्याच जणांच्या तिथे पोचेपर्यंत लक्षातच येत नाही. वेळ असते ती प्रसूतीच्या केसपेपरवर किंवा डिस्चार्ज कार्डावर. ती नसेल तर आजीच्या आठवणीत, नाहीतर आधीच्या कुणी करून दिलेल्या टिपणावर. टिपणावरची वेळ मूळ समजू नका, ती कुणीतरी कुठूनतरी उतरवलेली असते.

हे का, ते एका पत्रिकेवर बघू. पत्रिका मी मुद्दाम जुळवली आहे, कुणा मुलीची नाही, पण आकाश खरं आहे. तुमच्या सॉफ्टवेअरवर मांडून बघा. जन्म पुण्याचा, २६ मार्च १९९६, दुपारी ३ वाजून ५० मिनिटं.

सिंह लग्न येतं, पहिल्या-दुसऱ्याच अंशावर. अष्टमात मीन रास, आणि तिथे रवी, मंगळ, शनी, केतू, सोबत बुध. सप्तमेश शनी स्वतः अष्टमात जाऊन बसलेला. अष्टमातला मंगळ म्हणजे 'कडक मंगळ'. धनस्थानात राहू. वैधव्ययोगाचं प्रकरण शिकवायला याहून भयंकर पत्रिका फळ्यावर काढता येणार नाही. बुजुर्ग ज्योतिषीही ही बघून क्षणभर गप्प होईल, आणि घरच्यांना भीती वाटते ती नेमकी त्या गप्प होण्याची.

आता केसपेपर आला आणि त्यावर वेळ निघाली ३:३५. आजीने 'पावणेचारनंतर' म्हणून सांगितलं होतं, कुणीतरी ते ३:५० करून टाकलं. पंधरा मिनिटांनी लग्न मागे जाऊन कर्केच्या शेवटच्या अंशांत येतं. तेच चार पापग्रह मीनेतच आहेत, पण आता ती नवमाची, भाग्यस्थानाची रास झाली. अष्टम रिकामं. मंगळ तर कर्क लग्नाला पंचमेश आणि दशमेश, म्हणजे राजयोगकारक, आणि तो नवमात. ज्या मुलीला 'नवऱ्याला खाणारी' म्हटलं गेलं असतं, तिच्या पत्रिकेत आता 'भाग्यात राजयोग' म्हणायचं. आकाशात एक ग्रहसुद्धा हललेला नाही.

म्हणून लग्नाचा अंश पहिला नाहीतर शेवटचा असेल, तर अष्टमाबद्दल एक अक्षर बोलायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे करून दोन्ही कुंडल्या मांडा. दोन्हींत चित्र उलटसुलट होत असेल, तर घरच्यांना त्या दोन्ही कुंडल्या शेजारी ठेवून दाखवा. हे दाखवणं माझ्या कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त उपयोगी पडलेलं आहे.

एक सावधगिरी. वेळ हलवून दोष निघतो हे कळलं की काही पालक लगेच म्हणतात, "मग तीच वेळ धरून पत्रिका करून द्या ना." केसपेपरावर आधार असेल तर जरूर द्या. नसेल तर देऊ नका. बिनमंगळाची बनवलेली पत्रिका पुण्यात फिरायला लागली की चार महिन्यांत मुलाकडच्यांच्या हातात जुनी पत्रिकाही येते, आणि मग प्रश्न ग्रहांचा राहत नाही, खोटेपणाचा होतो. त्याचं मोल मुलगी चुकवते, आपण नाही.

दुसरी पायरी: वेळ पक्की असली आणि योग तसाच राहिला तर

समजा केसपेपरवर ४:३० आहे. सिंह लग्न पक्कं, अष्टमातली गर्दी पक्की. इथे बरेच नवे ज्योतिषी परिहार शोधायला धावतात. परिहाराचे श्लोक आहेतच. मेषेचा मंगळ लग्नी, वृश्चिकेचा चतुर्थात, मकरेचा सप्तमात, कर्केचा अष्टमात, धनूचा व्ययात असेल तर दोष नाही, असा एक सर्वत्र चालणारा श्लोक आहे. आपल्या उदाहरणात मीनेचा मंगळ आहे, त्याला तो लागू होत नाही. पण अष्टमेश गुरू स्वराशीत, धनूत, पंचमात आहे. त्याची दृष्टी लग्नावर आहे, भाग्यातल्या शुक्रावर आहे, मिथुनेतल्या चंद्रावर आहे. चंद्रावरून मंगळ दशमात, तिथे दोष नाहीच. शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर अष्टम बिघडलेलं आहे, पण अष्टमेश, लग्न, चंद्र आणि शुक्र या चौघांनाही गुरूचं बळ आहे. हे खरं आहे, आणि सांगता येतं.

तरी मी याच्या पुढे जातो. मीनेतली चार पापग्रहांची हीच गर्दी १९९६ च्या मार्चच्या मध्यापासून १२-१३ एप्रिलपर्यंत होती. त्या काळात रोज दुपारी-संध्याकाळी साधारण दोन तास सिंह लग्न होतं. त्या दोन तासांत पुण्यातल्या प्रसूतिगृहांत जन्मलेल्या सगळ्या मुलींचं अष्टम हेच आहे, आणि सगळ्या मुलांचंही. त्या मुली आज लग्नाच्या वयाच्या आहेत, कित्येकींची लग्नं झालेली आहेत. त्या सगळ्या मुलींचे नवरे लवकर जाणार आहेत का, असं आईला विचारा. उत्तर ती स्वतःच देते.

आपल्या शास्त्राची मर्यादाही लपवू नका. २००८ मध्ये पुण्यातच जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शंभर पत्रिका गोळा केल्या, प्रत्येक ज्योतिषाकडे त्यातल्या चाळीस पाठवल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेल्या उत्तरांची सरासरी ४६ टक्के निघाली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी याहून वाईट निघालं नसतं. आमच्या क्षेत्रात या प्रयोगावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले, तुम्हीही घ्या. पण ज्याला जन्मलेल्या मुलाची बुद्धी पत्रिकेवरून ओळखता आली नाही, त्याने न भेटलेल्या जावयाच्या मरणाची तारीख सांगू नये, एवढं मान्य करायला कुणाची हरकत नसावी.

तिसरी पायरी: भीती कुठून आली

आता कुंडली बाजूला ठेवा आणि विचारा, "हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं? नेमके काय शब्द होते?" शब्द विचारणं महत्त्वाचं. 'अष्टम जरा बघा' हे सांगणं आणि 'दोन वर्षांत नवरा जाईल' हे सांगणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि दुसरं सांगितलं गेलं असेल तर त्या घरात कित्येक महिने कुणी धड झोपलेलं नसतं.

मग विचारा की घरात कुणी तरुणपणी विधवा झालंय का. आत्या, मावशी, खुद्द आई. बऱ्याचदा कळीची गोष्ट इथे सापडते. आईच्या बहिणीचा नवरा लग्नानंतर वर्षभरात अपघातात गेलेला असतो, तिच्या पत्रिकेतही अष्टमात शनी होता असं नंतर कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक मुलीचं अष्टम तपासलं जातं. अशा वेळी बोलायचं ते त्या मावशीबद्दल. तिच्या नवऱ्याला काय झालं होतं, तेव्हा तिला कुणी काय बोललं. दहा मिनिटं ऐकून घ्या. ग्रहांची भाषा मध्ये आणू नका.

कधीकधी मात्र भीतीला खरंच पाय असतात. मुलगा रात्री बारापर्यंत पितो हे कानावर आलेलं असतं, किंवा मुलाच्या वडिलांना आणि काकांना पन्नाशीच्या आत हृदयविकाराने नेलेलं असतं. स्थळ 'चांगलं' म्हणून कुणी ते उघड बोलत नाही. मग शंका पत्रिकेच्या आडून विचारली जाते. ती ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही अष्टमाचं समाधान केलं, तरी आई त्याच स्थळाबद्दल नवी शंका काढते, आणि दुसऱ्या मुलाची पत्रिका पुढे केली की शांत होते. तिथे सरळ म्हणा, "ताई, तुम्हाला मुलाच्या तब्येतीची काळजी वाटते का? मग ती पत्रिकेत नका शोधू, दोघांचीही लग्नाआधीची वैद्यकीय तपासणी करून घ्या." दोघांची म्हणायचं. एकट्या मुलाची म्हटलं की मुलाकडच्यांना अपमान वाटतो.

चौथी पायरी: बोलायचं कसं

मुलगी खोलीत हवी. तिला बाहेर बसवून तिच्या भावी वैधव्याची चर्चा करायला मी नकार देतो. "तिच्या मनावर परिणाम होईल" असं पालक म्हणतात. पण दारामागून अर्धवट ऐकलेल्याचा परिणाम त्याहून वाईट होतो. ती एकटी आली तर आणखी चांगलं.

'वैधव्य' हा शब्द तुम्ही आधी काढू नका. पण त्यांनी काढला तर टाळूही नका. 'जरा काळजी घ्या', 'तसं काही नाही, पण...' ही असली वाक्यं तर अजिबातच नकोत. अर्धवट धीरातून माणूस पूर्ण धोका ऐकतो. मी साधारण असं बोलतो: "अष्टमात ग्रह आहेत, हे खरं आहे. जुन्या ग्रंथांत त्याचं असं फळ लिहिलंय, हेही खरं. पण तेवढ्यावरून कुणाच्या नवऱ्याचं आयुष्य सांगता येत नाही. मला येत नाही, आणि ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांनाही येत नाही. या योगामुळे तुम्ही हे स्थळ नाकारू नका." शेवटचं वाक्य नक्की बोला. घरच्यांना निर्णय हवा असतो, विवेचन नाही.

मुलीकडे बघून वेगळं सांगा की यात तिच्या पायगुणाचा काही प्रश्न नाही. उद्या संसारात काहीही झालं, तरी ते तिच्या पत्रिकेमुळे झालं असं म्हणायचा कुणाला अधिकार नाही, हे वडिलांच्या देखत बोला. नंतर ते वडिलांनाच कुणापुढे तरी म्हणावं लागणार असतं.

काही लिहून देऊ नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अष्टमाबद्दल एक ओळही पाठवू नका. गुणमेलनाचा कागद द्या, त्यावर 'वै. यो.' अशी संक्षिप्त खूणसुद्धा नको. असे कागद स्थळांच्या फाइलमधून या घरातून त्या घरात जातात, आणि तुमचं 'तपासून पाहावे' तिसऱ्या घरात 'विधवायोग आहे' होऊन पोचतं.

उपाय विचारतील तेव्हा

विचारतीलच. कुंभविवाह, विष्णुप्रतिमेशी विवाह, पिंपळाशी विवाह ही नावं त्यांनी ऐकलेली असतात, बऱ्याचदा दक्षिणेच्या आकड्यासकट. मी कुंभविवाह सुचवत नाही. तो बहुधा गुपचूप, नातेवाइकांना न कळता होतो, आणि मुलीला त्यातून एकच गोष्ट कळते, की आपल्यात काहीतरी असं आहे जे आधी घड्यावर उतरवायला लागतं. घरचे ठाम असतील तर मी मुलीला एकटीला विचारतो. ती नको म्हणाली तर नको, हे मी पालकांना सांगतो आणि नाव माझं घेतो, तिचं नाही. काही करायचंच असेल तर घरात चालणारं स्तोत्र, कुलदैवताचं दर्शन, एवढं पुरे. ते मनाच्या शांतीसाठी आहे हेही सांगा, ग्रह हटवण्यासाठी आहे असं नको. आणि नियम पक्का ठेवा: ज्याने भीती ऐकली, त्यानेच शांतीचे पैसे घ्यायचे नाहीत. भीतीचा उगम ज्या ज्योतिषाकडे असतो, तोच बहुधा शांतीचा खर्चही सांगून मोकळा झालेला असतो. हे जुळतंय का, ते पालकांनाच मोजू द्या.

एक उपाय मात्र मी आवर्जून सांगतो, आणि पहिल्यांदा ऐकल्यावर लोक हसतात. मुलाने लग्नानंतर मुदतीचा आयुर्विमा घ्यावा, आणि तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, बायकोच्या लाभासाठी घ्यावा. पॉलिसी घेतानाच तसा वेगळा फॉर्म भरावा लागतो, नंतर आठवून उपयोग नाही. मग ती रक्कम नवऱ्याच्या सावकारांना जात नाही, बायकोचीच राहते. वैधव्याच्या भीतीत मरणाइतकीच, किंबहुना जास्त, नंतरच्या हालांची भीती असते, आणि तिच्यावर हा इलाज चालतो. दुसरा उपाय हेल्मेट. सिंहगड रोडने रोज दुचाकीवरून ऑफिसला जाणाऱ्या जावयाला अष्टमातल्या शनीपेक्षा त्याची गरज जास्त आहे. पुण्यात हे सांगून कुणी ऐकत नाही तो भाग वेगळा.

मुलाकडच्यांचा फोन आला तर

गुणमेलन तुम्ही केलंय हे कळल्यावर मुलाची आई परस्पर फोन करते: "खरं सांगा, आमच्या मुलाला धोका नाही ना?" मुलीच्या पत्रिकेबद्दल मुलीच्या परवानगीशिवाय बोलू नका. एवढंच सांगा की दोन्ही घरं एकत्र येणार असतील तर मी दोन्ही पत्रिका एकाच बैठकीत बघेन, दोन्ही अष्टमं एकाच नियमाने. निम्म्या वेळा बैठक होतच नाही, कारण मुलाच्याही अष्टमात काहीतरी निघेल याची त्यांना कल्पना असते. झाली, तर १९९६ ची ती उदाहरणपत्रिका काढून मिनिटांचा खेळ दाखवा. मग जुळवाजुळव करायची असेल तर करा.

आणि एखादी मुलगी अशी भेटते, की भीतीने लग्नालाच नकार देते, जेवत नाही, 'माझ्यामुळे कुणीतरी मरेल' हेच धरून बसते. तिथे आपली खुर्ची संपली. पत्रिका पुन्हा उघडू नका, दुसरं मत देऊ नका. तिला आणि घरच्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. तोवर शासनाची टेली-मानस ही विनाशुल्क हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. आठवड्याने तुम्ही स्वतः फोन करून गेले का ते विचारा, आणि त्या फोनची फी घेऊ नका.